अटींमधलं एक कलम सोप्या मराठीत आणताना

चाळीसगाव तालुक्यातला कापूस उत्पादक हल्ली बाजारभाव, हवामान आणि फवारणीचा सल्ला मोबाइलवर पाहतो. ॲप सुरू करताना तो नंबर, गाव, गट नंबर आणि पीक भरतो, लोकेशनला परवानगी देतो आणि ‘मान्य आहे’ दाबतो. त्या बटणामागच्या अटींत माहिती इतरांना देण्याचं एक कलम असतं. अशी कलमं साधारण ज्या घडणीची असतात, तसा एक नमुना मी इथे तयार केला आहे:

‘सेवा पुरविणे, तिच्यात सुधारणा करणे व विपणन यांसह, परंतु एवढ्यापुरते मर्यादित नाही, अशा प्रयोजनांसाठी आम्ही तुमची वैयक्तिक माहिती आमच्या समूह कंपन्या, सेवा पुरवठादार व व्यावसायिक भागीदार यांना देऊ शकतो. भागीदारांकडील माहितीस त्यांची धोरणे लागू राहतील.’

हे लगेच सोपं करायला बसू नये. आधी कलमाचे तुकडे पाडावेत: कोण देणार, काय देणार, कोणाला आणि कशासाठी. ‘काय’ याचं उत्तर बहुधा कलमात नसतं. ‘वैयक्तिक माहिती’ची व्याख्या अटींच्या सुरुवातीला किंवा गोपनीयता धोरणात असते. ती शोधलीच पाहिजे. आपल्या नमुन्यात शेतकऱ्याने भरलेल्या माहितीबरोबर फोनमधून घेतलेलं लोकेशनही त्या व्याख्येत येतं असं धरू. मग ‘तुम्ही भरलेली माहिती’ एवढंच लिहिलं, तर वाक्य सोपं होईल आणि खोटंही.

‘कोणाला’ या तुकड्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. सोपं करणारे बरेचदा तिन्ही नावं ‘इतर कंपन्या’ म्हणून एकत्र करतात. पण सेवा पुरवठादार साधारणपणे ॲपवाल्याच्या सांगण्यावरून काम करतो. ओटीपीचा संदेश पाठवणारी कंपनी ही त्यातली. भागीदार मात्र ती माहिती स्वतःच्या कामासाठी वापरू शकतो. शिवाय दुसरं वाक्य सांगतं की त्याच्याकडे गेल्यावर नियम त्याचे लागतील. शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा फरक इथे आहे, म्हणून दोघांना वेगळं वाक्य द्यावं.

‘देऊ शकतो’ हे तसंच ठेवावं. ‘देतो’ लिहिलं तर न केलेल्या गोष्टीचा आरोप होतो, आणि ‘गरज पडल्यास देतो’ लिहिलं तर कलमात नसलेली अट आपण घातलेली असते. दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते, कारण ती वाचणाऱ्याला निर्धास्त करते. तसंच ‘एवढ्यापुरते मर्यादित नाही’ हे शब्द जड वाटले म्हणून गाळले, तर उघडी असलेली यादी बंद होते.

आता वाक्यं अशी होतात:

‘तुम्ही भरलेली माहिती आणि तुमच्या फोनमधून घेतलेलं लोकेशन आम्ही आमच्या समूहातल्या कंपन्यांना आणि आमच्यासाठी काम करणाऱ्या कंपन्यांना देऊ शकतो. ज्यांच्याशी आमचा व्यवहार आहे अशा इतर कंपन्यांनाही देऊ शकतो. सेवा चालवणं, ती सुधारणं आणि जाहिरात-विक्री ही त्याची कारणं आहेत. याशिवाय इतर कारणांसाठीही देऊ शकतो, ती इथे सांगितलेली नाहीत. व्यवहारातल्या कंपन्यांकडे माहिती गेल्यावर तिला त्यांचे नियम लागू होतील.’

खाली वेगळी ओळ द्यावी: ‘या कंपन्या कोणत्या, त्या पैसे देतात का आणि माहिती किती दिवस ठेवतात, हे या कलमात लिहिलेलं नाही.’ ही ओळ कलमाचा भाग नाही हे स्पष्ट दिसलं पाहिजे. ‘माहिती विकतात’ किंवा ‘विकत नाहीत’, यातलं काहीही या कलमावरून म्हणता येत नाही.

मग तपासणी. मूळ कलम न पाहिलेल्या माणसाला फक्त ही वाक्यं वाचायला द्यावीत आणि विचारावं: ‘काका, तुमचा नंबर बियाण्याच्या कंपनीकडे जाऊ शकतो का?’ ‘ती कंपनी यांच्या व्यवहारातली असेल तर जाऊ शकतो’ हे उत्तर आलं तर वाक्यं बरोबर आहेत. ‘नाही, फक्त यांच्याच कंपन्यांत राहतो’ असं आलं, तर दोष वाचणाऱ्याचा नाही. भागीदारांचं वाक्य पुन्हा लिहावं.

साध्या भाषेचा हा मुद्दा आता कायद्यातही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यानुसार संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यांत माहितीची बाबवार यादी आणि नेमका उद्देश साध्या भाषेत सांगायला लावलं आहे. हे बंधन नियम जाहीर झाल्यापासून १८ महिन्यांनी लागू होतं. संमती देऊन दिलेली माहिती कोणाकोणाला गेली, हे विचारण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. हा हक्क लागू झाला की भागीदारांची नावं लेखी मागा.