बॉयलर थंड कधी होणार?

कारखान्यात सरकारी निरीक्षक येणार म्हटलं की धाड डोळ्यांसमोर येते. गेटवर गाडी थांबते, ऑफिसात पळापळ होते आणि कुणीतरी रजिस्टरं शोधू लागतो. बॉयलरच्या वार्षिक तपासणीत मात्र उलटं असतं. इथे मालकाने अर्ज करून साहेबांना बोलवायचं असतं, आणि ते येतील त्या दिवशी बॉयलर रिकामा, उघडा आणि थंड ठेवायचा असतो. म्हणून अर्जासोबतच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ असते ती तारखेची.

इचलकरंजीतल्या एखाद्या लहान प्रोसेस युनिटचं उदाहरण घेऊ. कापड रंगवायला वाफ लागते आणि ती तासाला दोन टनांच्या बॉयलरवर निघते. बॉयलरचा मंजूर दाब 10.54 किलो. हा विचित्र आकडा अशा बॉयलरवर हमखास दिसतो, कारण तो म्हणजे जुन्या मापातले 150 पौंड. बॉयलरचं प्रमाणपत्र बारा महिन्यांचं असतं. समजा, यंदा त्याची मुदत नोव्हेंबरच्या मध्यावर संपते आणि दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आहे. युनिट तसंही सणाला बंद राहणार, मग त्याच सुट्टीत बॉयलर उघडून घ्यावा, हा हिशेब बरोबरच आहे. फक्त दिवाळीत सरकारी कचेऱ्याही बंद असतात. त्यामुळे पत्र नवरात्रात जायला हवं आणि मागितलेली तारीख भाऊबिजेनंतर कचेरी उघडेल तेव्हाची हवी.

एवढं आधी लिहायचं कारण कायद्यातच आहे. 1923 च्या भारतीय बॉयलर कायद्यानुसार अर्ज आल्यावर निरीक्षकाने तीस दिवसांच्या आतली तारीख ठरवायची आणि मालकाला निदान दहा दिवसांची सूचना द्यायची. 2025 मध्ये या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, तरी मालकाने अर्ज करायचा आणि निरीक्षकाने तारीख द्यायची ही चौकट कायम आहे. जुन्या कायद्याच्या दहाव्या कलमात मालकाला एक सवलतही होती. मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज दिलेला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुन्याच दाबावर बॉयलर चालवता येई. अर्ज एक दिवस उशिरा गेला की हा आधार गेला. बॉयलरला अपघात झाला असेल किंवा त्यात फेरबदल केला असेल, तर अर्ज वेळेत देऊनही ही सवलत लागू होत नसे.

आता पत्र. अनेक युनिटांची पत्रं ‘कृपया सोयीनुसार तपासणी करावी’ एवढ्यावरच संपतात. वाचायला नम्र, पण साहेबांच्या कामाची नाहीत. त्याऐवजी असं लिहिलेलं बरं:

‘आमच्या वरील नोंदणी क्रमांकाच्या बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत येत्या 14 नोव्हेंबरला संपत आहे. बॉयलर 28 ऑक्टोबरच्या संध्याकाळी बंद करून नैसर्गिकरीत्या थंड होऊ देणार आहोत. 2 नोव्हेंबरपर्यंत तो आतून-बाहेरून साफ करून, मॅनहोल व सर्व व्हॉल्व्ह उघडून तयार राहील. 3 किंवा 4 नोव्हेंबरला आतील तपासणी व हायड्रोलिक चाचणी व्हावी, आणि त्यानंतर सोयीचा दिवस स्टीम टेस्टसाठी द्यावा, ही विनंती. शुल्क भरल्याची पावती जोडली आहे. मागील तपासणीनंतर दोन ट्यूब बदलल्या असून त्याची कागदपत्रे यादीत अनुक्रमांक 4 वर आहेत.’

पत्राच्या माथ्यावर नोंदणी क्रमांक, बॉयलरची जागा, तापपृष्ठ आणि मंजूर दाब हवा. तापपृष्ठ म्हणजे ज्या पृष्ठभागावर जाळाची उष्णता पाण्याला मिळते तो भाग, चौरस मीटरमध्ये मोजलेला. शुल्क त्यावरच ठरतं, म्हणून तो आकडा चुकला की पावतीही चुकते.

बंद करण्याची आणि तयार होण्याची तारीख यांत इतके दिवस कशाला, असं मालकाला वाटतं. फायरमनला वाटत नाही. जाळ काढला तरी विटा आणि पत्रा बराच काळ धग धरून असतात. घाईने आत थंड पाणी सोडलं तर ट्यूब आणि ट्यूबप्लेट वेगवेगळ्या वेगाने आकसतात, त्यांचे सांधे ढिले पडतात, आणि तपासणीसाठी केलेल्या घाईनेच तपासणीत गळती निघते. थंड झाल्यावर काजळी झाडायची, क्षाराचा थर काढायचा, जाळ्या उचलायच्या आणि व्हॉल्व्ह सुटे करून घासून बसवण्याजोगे ठेवायचे. आत उतरणाऱ्यासाठी हातदिवा 24 व्होल्टचाच लागतो. धातूच्या बंद पोटात 230 व्होल्टची वायर नेणं म्हणजे जिवाशी खेळ. बाकी सगळं तयार असूनही या एका दिव्यासाठी धावाधाव झालेली बॉयलर हाऊसं कमी नाहीत.

बॉयलर तयार नसेल आणि त्याला सबळ कारणही नसेल, तर काय होतं ते 1923 च्या कायद्याने स्पष्ट लिहिलं होतं. निरीक्षकाने तपासणी नाकारून वर अहवाल द्यायचा, मालकाने पुन्हा अर्ज करायचा, आणि तोवर बॉयलर वापरायलाही मनाई होऊ शकते.

कागदांची यादी लांबवण्यात अर्थ नसतो. मूळ प्रमाणपत्र आणि तपासणी नोंदवही सगळ्यात वर, कारण मागच्या वर्षी साहेबांनी काय शेरा मारला होता ते आधी पाहिलं जातं. ‘सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्त करावा’ असा शेरा असेल तर त्याचं पुढे काय झालं, याचा कागद लगेच मागे हवा. मग बॉयलर अटेंडंटचं सक्षमतेचं प्रमाणपत्र, प्रेशर गेजच्या तपासणीचा दाखला, पाण्याच्या तपासणीच्या नोंदी आणि रोजची लॉगशीट. लॉगशीटवर सलग तीन महिने एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, एकसारखे आकडे दिसले तर अनुभवी नजरेला काय ते कळतं. पाण्याच्या नोंदीत ‘ठीक’ लिहिलंय आणि ट्यूबवर पांढरा कडक थर बसलाय, तर विश्वास ट्यूबवरच बसणार.

यादीतल्या चौथ्या क्रमांकावर बहुतेक युनिटं अडकतात. ट्यूब बदलणं मालकाला किरकोळ दुरुस्ती वाटते. प्रत्यक्षात दुरुस्तीची परवानगी, मान्यताप्राप्त दुरुस्तीकार, वेल्डिंग केलं असेल तर वेल्डरचं प्रमाणपत्र आणि नव्या ट्यूबचा नमुना 3-ब मधला दाखला, असा सगळा माग लागतो. बाजारातून आणलेली ट्यूब दिसायला तशीच असते, पण दाखल्याशिवाय ती कोणत्या पोलादाची हे कोण सांगणार? हा दाखला ट्यूब विकत घेतानाच मागून ठेवावा लागतो. वर्षभरानंतर तो शोधायला निघालं की दुकानदार हात वर करतो.

हायड्रोलिक चाचणीत बॉयलर पाण्याने काठोकाठ भरतात, वरच्या कॉकमधून हवा पूर्ण काढतात आणि हातपंपाने दाब चढवतात. तो मंजूर दाबाच्या सव्वा पट असतो, म्हणजे इथे जवळपास 13.2 किलो. काटा स्थिर राहिला आणि ट्यूबच्या टोकांशी थेंब दिसला नाही तर काम झालं. काटा हळूहळू उतरतोय पण गळती कुठेच दिसत नाही, तेव्हा दोष बहुधा बॉयलरच्या अंगात नसून नीट न बसलेल्या एखाद्या व्हॉल्व्हमध्ये असतो. म्हणून व्हॉल्व्ह आधी घासून ठेवायचे. स्टीम टेस्टच्या दिवशी बॉयलर पेटवून वाफ चढवतात आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या दाबाला उडतो का, हे साहेब उभं राहून पाहतात. त्या दिवसाची विनंती पहिल्याच पत्रात नसेल, तर बांधून तयार झालेला बॉयलर दुसऱ्या तारखेची वाट पाहत थंड बसतो आणि रंगाच्या टाक्या रिकाम्या राहतात.