एका मिनिटाचं वाचन

तिसरीतली मुलगी अनोळखी उतारा वाचते. बाई घड्याळ लावून आपल्या प्रतीवर खुणा करतात. मिनिटात ती ५८ शब्दांपर्यंत पोचली, ६ चुकले. म्हणजे वेग मिनिटाला ५२ बरोबर शब्द, अचूकता जेमतेम ९० टक्के. एवढ्या चुका म्हणजे उतारा तिला जडच. ‘पुस्तक’चं ‘पुतक’ झालं, पण तिनं लगेच सुधारलं, तर ती चूक धरत नाहीत. घरच्या बोलीतलं ‘पानी’ही चूक नव्हे. तीन सेकंद अडली, तर शब्द सांगून चूक मांडतात.

भावाला वेगळे गुण, एक ते चार. ती प्रत्येक शब्द सुटा म्हणत होती, पूर्णविरामाशीही थांबली नाही: एक. नुसता वेग पाहिला, तर मुलं धावत सुटतात. म्हणून शेवटी विचारा, गोष्टीत काय झालं?