लॉगचं उत्तर कंसात ठरतं

अकरावीच्या गणितात f(x) = log₃(8 + 2x − x²) असं एखादं फलन देऊन त्याचं डोमेन आणि रेंज विचारतात. x च्या जागी ज्या संख्या चालतात ते डोमेन, आणि फलनाकडून ज्या किमती मिळू शकतात ती रेंज. लॉगची अट एकच असते: कंसातली राशी शून्याहून मोठी हवी. शून्यसुद्धा चालत नाही, कारण 3 चा कोणताही घात शून्य होत नाही.

तेव्हा आधी कंस पाहायचा. 8 + 2x − x² चे अवयव (4 − x)(x + 2) आहेत. x हा −2 आणि 4 यांच्या दरम्यान असेल तरच हा गुणाकार धन राहतो, म्हणून डोमेन (−2, 4).

रेंज काढताना पुष्कळ विद्यार्थी डोमेनची दोन टोकंच फलनात घालून पाहतात. तिथे कंस शून्य होतो आणि हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा पूर्ण वर्ग करावा: 9 − (x − 1)². आता दिसतं की x = 1 ला कंस 9 होतो, त्याहून मोठा कधीच नाही; आणि टोकांकडे सरकताना तो शून्याच्या हवा तितका जवळ जातो. log₃9 म्हणजे 2. कंस शून्याकडे झुकला की लॉग कितीही खाली उतरतो. रेंज (−∞, 2].

याच राशीची चिन्हं उलटवली की log₃(x² − 2x − 8) मिळतं. कंसाची सर्वांत लहान किंमत −9, तीही x = 1 ला; पण ऋण संख्येचा लॉग नसल्याने ती कामाची नाही. डोमेन आता −2 च्या डावीकडे आणि 4 च्या उजवीकडे आहे. तिथे कंस प्रत्येक धन किंमत घेतो, म्हणून रेंजमध्ये सर्व वास्तव संख्या येतात.

कंसात अपूर्णांक असेल तर चूक वेगळ्याच ठिकाणी होते. log₂((x − 1)/(x + 2)) दिसताच अनेक जण ते log₂(x − 1) − log₂(x + 2) असं फोडतात. फोडलेल्या रूपात x > 1 असावंच लागतं. मूळ फलनात मात्र x = −3 घालून पाहा: −4 भागिले −1 म्हणजे 4, आणि log₂4 = 2. अंश आणि छेद दोन्ही ऋण असले तरी भागाकार धन येतो. त्यामुळे खरं डोमेन x < −2 किंवा x > 1.

या चुकीचा फटका रेंजलाही बसतो. हा अपूर्णांक 1 − 3/(x + 2) असा लिहिता येतो. x > 1 असताना तो 0 आणि 1 यांच्या दरम्यान राहतो, म्हणून लॉग ऋणच येतो. X < −2 असताना तो 1 हून मोठा असतो, म्हणून लॉग धन येतो. तो नेमका 1 कधीच होत नाही, म्हणून रेंज शून्य सोडून सर्व वास्तव संख्यांची. आधीच फोडणाऱ्याच्या वहीत यातल्या फक्त ऋण संख्या उरतात.