तीनशे संगणक आणि दहा जोडण्या

एका पतसंस्थेच्या सगळ्या शाखांत मिळून ३०० संगणक आहेत, असं धरू. प्रत्येकावर खातेदारांचा प्रोग्राम आहे आणि तो थेट मुख्यालयातल्या डेटाबेसशी बोलतो. ही द्विस्तरीय रचना. १९९०च्या दशकात व्हिज्युअल बेसिक किंवा पॉवरबिल्डरमध्ये लिहिलेले कितीतरी कार्यालयीन प्रोग्राम याच घडणीचे होते.

सकाळी शाखा उघडल्या, की प्रत्येक प्रोग्राम एक जोडणी उघडतो आणि संध्याकाळपर्यंत धरून बसतो. डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल असेल, तर त्याची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची. त्यानंतर येणाऱ्याला नम्र नकार मिळतो:

```
FATAL: sorry, too many clients already
```

मर्यादा वाढवता येते, पण तिथे प्रत्येक जोडणीमागे सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस चालते आणि ती स्मृती खाते.

खरं काम किती असतं? प्रत्येक कारकून दहा सेकंदांनी एक विनंती पाठवतो, म्हणजे सेकंदाला ३० विनंत्या. प्रत्येकीला ५० मिलिसेकंद लागतात असं धरलं, तर सरासरी दीडच जोडणी कामात असते. बाकीच्या नुसत्या अडवलेल्या.

त्रिस्तरीय रचनेत कारकुनाचा प्रोग्राम मधल्या सर्व्हरशी बोलतो. हा सर्व्हर मोजक्या जोडण्या उघड्या ठेवतो, विनंती आली की एक देतो आणि काम झालं की परत घेतो. जावा जगतातल्या हिकारीसीपी या साधनाचा मूळ आकडा आहे १०. तीनशे जणांना तो पुरून उरतो. एकदम गर्दी झाली, तर विनंत्या क्षणभर रांगेत थांबतात.

डेटाबेसचा पासवर्डही मग ३०० संगणकांवर पसरत नाही. नाहीतर तो हाती लागलेला माणूस एक्सेल जोडून, किमान शिलकीचा नियम टाळून थेट खात्यात हात घालू शकतो. असे नियम डेटाबेसमध्येच लिहिता येतात, हे खरं. पण ते प्रत्येक संगणकावरच्या प्रोग्रामात असतील, तर नियम बदलल्यावर एखादी शाखा जुन्याच आवृत्तीवर राहते.

मधला थर स्वतःही अडतो. समजा, पैसे काढल्याची नोंद अर्धवट असतानाच प्रोग्राम एसएमएस पाठवतो आणि त्याला पाच सेकंद लागतात. तेवढा वेळ जोडणी अडकते. दहा जोडण्यांतून सेकंदाला दोनच व्यवहार निघतात; तीन येऊ लागले, की रांग वाढतच जाते आणि ३० सेकंद थांबलेल्यांना नकार मिळू लागतो. गंमत म्हणजे डेटाबेस तेव्हा जवळजवळ रिकामा बसलेला असतो. `pg_stat_activity` पाहिलं, तर ओळीमागून ओळ `idle in transaction` दिसते.

त्यावर सर्व्हर वाढवून फारसं काही साधत नाही. नोंद पक्की करायची, जोडणी परत करायची आणि एसएमएस त्यानंतर पाठवायचा.