बेसाल्टचा पातळ छेद: रंग आणि कोन यांवरून खनिजांची ओळख

सह्याद्रीतला काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, हातात घेतला तर एकसारखा काळसर दिसतो. त्यातली बहुतेक खनिजे नुसत्या डोळ्यांना वेगळी काढता येत नाहीत, इतकी ती बारीक असतात. त्याच दगडाचा पातळ छेद ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की करडे, हिरवे, निळे, जांभळे कण वेगवेगळे उठून दिसतात. हे रंग खनिजांचे स्वतःचे नसतात. स्फटिकातून जाताना प्रकाशाचे जे होते, त्यातून ते तयार होतात आणि म्हणूनच त्यांवरून खनिज ओळखता येते.

छेद करण्यासाठी दगडाची चकती कापून तिची एक बाजू घासून सपाट करतात आणि ती बाजू रेझिनने काचपट्टीवर चिकटवतात. मग दुसरी बाजू कार्बोरंडमच्या बारीक भुकटीवर घासत नेतात. चकतीची जाडी ०.०३ मिलिमीटर, म्हणजे ३० मायक्रॉन राहिली की घासणे थांबवतात. इतक्या जाडीला बेसाल्टमधील बहुतेक खनिजे पारदर्शक होतात. इंग्लंडमधील शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी १८५०च्या सुमारास असे छेद करून खडकांचा अभ्यास सुरू केला.

या सूक्ष्मदर्शकात छेदाच्या खाली एक आणि वर एक असे दोन ध्रुवक असतात. खालच्या ध्रुवकातून आलेल्या प्रकाशाचे कंपन एकाच दिशेत होते. वरचा ध्रुवक त्याला काटकोनात असल्यामुळे तो प्रकाश अडवला जातो आणि मध्ये काही नसेल तर दृश्य काळे राहते. मध्ये स्फटिक आला, की त्यात शिरणाऱ्या प्रकाशाचे बहुधा दोन किरण होतात. दोघांची कंपने एकमेकांना काटकोनात असतात आणि वेगही वेगळे असतात, त्यामुळे बाहेर पडेपर्यंत एक किरण मागे पडतो. वरच्या ध्रुवकात ते पुन्हा एकत्र येतात तेव्हा पांढऱ्या प्रकाशातले काही रंग क्षीण होतात, काही टिकतात. उरलेल्या रंगाला व्यतिकरण रंग म्हणतात. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंगही व्यतिकरणानेच दिसतात.

किरण किती मागे पडेल, हे दोन गोष्टींवर ठरते: छेदाची जाडी आणि त्या खनिजाच्या दोन प्रणमनांकांतील फरक. त्यांचा गुणाकार म्हणजे मागे पडलेले अंतर. बेसाल्टमधील प्लॅजिओक्लेज फेल्स्पारमध्ये हा फरक सुमारे ०.००९ असतो. ३० मायक्रॉन जाडीला अंतर २७० नॅनोमीटर भरते आणि कण करडा-पांढरा दिसतो. ऑगाइटचा फरक ०.०२५च्या आसपास धरला तर अंतर ७५० नॅनोमीटर होते आणि रंग हिरवा येतो. ऑलिव्हीनमध्ये ते ११०० नॅनोमीटरच्या आसपास पोचते, तेव्हा जांभळट लाल किंवा निळा रंग दिसतो. अंतर वाढेल तसे रंग ठरावीक क्रमाने येतात आणि दर ५५० नॅनोमीटरला नवी श्रेणी सुरू होते. फ्रेंच भूवैज्ञानिक मिशेल-लेव्ही यांचा १८८८ सालचा रंगतक्ता याच क्रमावर रचलेला आहे.

जाडी चुकली तर सगळे रंग सरकतात. म्हणून छेद घासताना ओळखीच्या खनिजावर नजर ठेवतात. बेसाल्टमध्ये हे काम प्लॅजिओक्लेज करते. त्याचे कण करड्याऐवजी स्पष्ट पिवळे दिसत असतील तर छेद ४० मायक्रॉनच्या पुढे जाड आहे आणि अजून घासायला हवा. दुसरी अडचण स्फटिक कापला जाण्याच्या दिशेची आहे. काही दिशांनी कापलेल्या कणात दोन किरणांच्या वेगांतील फरक कमी असतो. त्यामुळे ऑगाइटचाच एखादा कण करडा, दुसरा पिवळा आणि तिसरा हिरवा दिसू शकतो. अशा वेळी एकाच खनिजाचे अनेक कण तपासून त्यांतला सर्वांत वरच्या श्रेणीचा रंग ग्राह्य धरतात.

रंगावरून खनिजाचा गट कळतो, पण नेमके नाव ठरवायला विलोपन कोन लागतो. सूक्ष्मदर्शकाचा गोल मंच फिरवला, की रंगीत कण पूर्ण फेरीत चार वेळा, दर ९० अंशांनी, काळा पडतो. स्फटिकातील कंपनदिशा ध्रुवकांच्या दिशांशी जुळल्या की असे होते. यालाच विलोपन म्हणतात. स्फटिक ज्या समांतर रेषांवर फुटतो, त्या पाटनरेषा आणि ही काळोखाची स्थिती यांच्यामधला कोन खनिजाच्या रचनेशी बांधलेला असतो.

समजा, छेदातल्या हिरवट रंगाच्या कणाची पाटनरेषा नेत्रिकेतल्या उभ्या तारेला समांतर आणली आणि मंचाच्या कडेवर ११२ अंश वाचले. मंच फिरवताना कण १५५ अंशांवर पूर्ण काळा झाला, म्हणजे कोन ४३ अंश. उलट फिरवले तर तो ४७ अंशांवर काळा होईल. सहसा दोहोंतला लहान कोन नोंदवतात. असेच आणखी काही कण मोजून सर्वांत मोठा कोन घेतात, कारण तिरप्या कापलेल्या कणात तो कमी भरू शकतो. ऑगाइटमध्ये हा कोन साधारण ३५ ते ४८ अंश असतो. हॉर्नब्लेंडमध्ये तो बहुधा ३० अंशांच्या आत राहतो, तर एन्स्टटाइटचा कण पाटनरेषेला समांतर असतानाच काळा पडतो. म्हणून ४३ अंशांचा कण ऑगाइट ठरतो. खात्रीसाठी दोन पाटनरेषा दिसणारा कण शोधतात: ऑगाइटमध्ये त्या जवळपास काटकोनात छेदतात, हॉर्नब्लेंडमध्ये ५६ आणि १२४ अंशांत.

प्लॅजिओक्लेजमध्ये याच कोनावरून रासायनिक घटनाही कळते. त्याच्या जुळ्या स्फटिकांचे पट्टे आळीपाळीने काळे-पांढरे दिसतात. पट्टे उभ्या तारेला समांतर ठेवल्यावर सगळे सारखेच उजळ दिसत असतील, तर तो कण मोजणीला योग्य असतो. मग मंच एका बाजूला फिरवून निम्मे पट्टे, दुसऱ्या बाजूला फिरवून उरलेले पट्टे काळे करतात. उजवीकडे ३१ आणि डावीकडे ३३ अंश आले, तर सरासरी ३२ धरतात. दोन वाचनांत चार-पाच अंशांहून अधिक फरक पडला तर तो कण सोडून देतात. आठ-दहा कणांत ३२ हाच सर्वांत मोठा कोन असेल, तर कॅल्शियमयुक्त घटकाचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास आहे आणि खनिज लॅब्रडोराइट आहे. कोन २० अंशांच्या खाली आला तर मात्र दोन वेगळ्या घटनांना तोच आकडा लागू पडू शकतो. तेव्हा कणाचा प्रणमनांक भोवतालच्या रेझिनपेक्षा जास्त की कमी, हे पाहून निर्णय घ्यावा लागतो.

काही कण मंच कितीही फिरवला तरी काळेच राहतात. वरचा ध्रुवक बाजूला केला की उलगडा होतो: तरीही काळा राहणारा कण मॅग्नेटाइटसारखा अपारदर्शक असतो, तपकिरी आणि पारदर्शक दिसणारा भाग लाव्हा झटकन थिजून झालेली काच असतो. ऑलिव्हीन कुजून तांबूस झाले असेल तर त्या तांबूसपणाखाली व्यतिकरण रंग झाकला जातो. तेव्हा रंगापेक्षा कणाचा आकार आणि भेगांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून एका कणाच्या एका रंगावरून खनिजाचे नाव देऊ नये. जाडी तपासलेली असावी, कोन अनेक कणांत मोजलेला असावा आणि पाटनाचा पुरावा त्याच्याशी जुळावा. असे सगळे जुळले, की लॅब्रडोराइट, ऑगाइट, ऑलिव्हीन आणि मॅग्नेटाइट असलेल्या या काळ्या पाषाणाला ऑलिव्हीन बेसाल्ट हे नाव खात्रीने देता येते.