दोनशे रुपयांचा हिशेब

1976 साली आलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी गुजरातच्या दूधसंघातल्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. लोकवर्गणीच्या सिनेमाचा विषय निघाला की हे उदाहरण हमखास येतं, पण त्यातली मुख्य गोष्ट सुटते. दूधसंघावर त्या शेतकऱ्यांचा विश्वास आधीच होता. तिथे रोज दूध घालायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा त्यांचा नेहमीचा व्यवहार होता. आज मोबाइलवर आवाहनाचा व्हिडिओ पाहणाऱ्याचा दिग्दर्शकाशी असा काहीच व्यवहार झालेला नसतो. म्हणून दूधसंघाने वर्षानुवर्षं केलेलं काम इथे व्हिडिओच्या अडीच मिनिटांच्या संहितेला करावं लागतं, आणि ‘आमचं स्वप्न पूर्ण करा’ या वाक्याने ते होत नाही. स्वप्न प्रत्येकाकडेच असतं. अनोळखी माणसाला पाहायचं असतं ते आजवर झालेलं काम आणि नेमकं कुठे अडलंय ते.

समजा, चित्रीकरण आणि संकलन झालं आहे, ध्वनीचं काम राहिलं आहे. मग संहितेची सुरुवात दिग्दर्शकाच्या चेहऱ्याने न करता सिनेमातल्याच एका प्रसंगाने करावी, तीही कच्च्या आवाजासकट: वाऱ्याची घरघर, मागून जाणारी एसटी, त्यात बुडालेला संवाद. लगेच तोच तुकडा ध्वनी साफ करून ऐकवावा. पैसे कशाला हवेत हे वीस सेकंदांत कानाला कळतं. त्यानंतर आकडे: ध्वनीला अडीच लाख, रंगसंस्करणाला एक लाख, सबटायटलना पन्नास हजार, आणि वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळाचं कमिशन व भेटवस्तूंचं टपाल धरून आणखी पन्नास हजार. एकूण साडेचार लाख. शेवटची बाब बहुतेक जण गाळतात. मग मोहीम यशस्वी होऊनही पैसे कमी पडतात आणि पुन्हा हात पसरावा लागतो. तिथे विश्वास तुटतो.

आकड्यांनी भावना मरते, लोक देतात ते भावनेपोटी, असा आक्षेप येईल. मोठी रक्कम देणारे बहुधा ओळखीचेच असतात, ते भावनेने देतातही. दोनशे रुपये देणाऱ्या अनोळखी माणसाला मात्र आपले दोनशे एवढ्या मोठ्या खर्चात हरवतील असं वाटतं. नेमक्या कामाला लावलेला छोटा आकडा ती शंका दूर करतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अपयशाची शक्यता बोलून दाखवली तर देणारा बिचकेल. काही जण बिचकतीलही. पण रक्कम पूर्ण जमली नाही तर पैसे परत जाणार की जमले तेवढे वापरणार, हे संकेतस्थळाच्या नियमानुसार आधीच ठरलेलं असतं. ते दिग्दर्शकाने स्वतः कॅमेऱ्याकडे पाहून सांगावं.

वचनं मात्र हातातलीच द्यावीत. महोत्सवातली निवड किंवा चित्रपटगृहातलं प्रदर्शन आपल्या हातात नसतं. सिनेमा पूर्ण झाल्यावर प्रत्येक देणगीदाराला तो पाहण्याची लिंक पाठवणं हातात असतं. नफ्यात वाटा मिळेल असं सूचितही करू नये, कारण मग ती देणगी न राहता गुंतवणूक होते आणि तिचे कायदे वेगळे आहेत. संहितेचं शेवटचं वाक्य आभाराचं नसलं तरी चालेल. त्यात पहिला खर्चाचा तपशील देणगीदारांना कोणत्या तारखेला मिळेल, ती तारीख असावी.