जिमची मेंबरशिप फ्रीज, ट्रान्सफर करायची आहे? आधी फॉर्ममागच्या अटी वाचा

अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची कुटुंबं राहतात. इथे बदलीचा आदेश कधीही येऊ शकतो. घरातलं सामान ट्रकमध्ये चढतं, मुलांच्या शाळेचे दाखले निघतात, पण वर्षभराचे पैसे भरून लावलेल्या जिमचं काय करायचं? याचं उत्तर मेंबरशिपच्या फॉर्ममागे बारीक अक्षरात छापलेलं असतं.

फ्रीज म्हणजे नेमकं काय?

फ्रीज म्हणजे मेंबरशिप काही दिवस थांबवणं. जितके दिवस थांबवली, तितकी शेवटची तारीख पुढे जाते. पैसे मात्र परत मिळत नाहीत.

प्रत्येक जिमचे नियम वेगळे असतात, पण काही अटी बहुतेक ठिकाणी दिसतात. वर्षाला ठरावीक दिवसच फ्रीज मिळतो, एका वेळी किमान काही दिवसांचा घ्यावा लागतो आणि अर्ज आधी करावा लागतो. लोक फसतात ते या शेवटच्या अटीत. गावाहून परत आल्यावर ‘महिनाभर आलोच नव्हतो’ असं सांगून मागचे दिवस सहसा मिळत नाहीत. आजारपणासाठी काही जिम डॉक्टरांचं पत्र घेऊन सूट देतात.

पैसे हप्त्याने भरले असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हप्ता फायनान्स कंपनीचा असेल, तर ते तुमच्या नावावरचं कर्ज असतं. मेंबरशिप फ्रीज झाली किंवा दुसऱ्याला दिली तरी हप्ता तुमच्याच खात्यातून कापला जातो.

एक उदाहरण पाहू

समजा, कॉलनीतल्या एका कर्मचाऱ्याने १ एप्रिल ते ३१ मार्च अशी १८,००० रुपयांची मेंबरशिप घेतली. म्हणजे महिन्याला १,५०० रुपये. जुलै आणि ऑगस्टमध्ये त्यांना ६२ दिवसांच्या प्रशिक्षणासाठी दिल्लीला जावं लागलं. जिमच्या नियमानुसार फ्रीज फक्त ३० दिवसांचा. त्यामुळे शेवटची तारीख ३० एप्रिल झाली आणि उरलेले ३२ दिवस वाया गेले.

मग बदली झाली आणि ३१ ऑक्टोबरला मुंबई सोडायची वेळ आली. आता सहा महिने शिल्लक आहेत, हिशोबाने ९,००० रुपयांचे. शेजारच्या इमारतीतला तरुण त्यासाठी ६,००० द्यायला तयार आहे. जिमची ट्रान्सफर फी करासह २,००० असेल, तर हातात उरतात ४,०००. म्हणून फी कोण भरणार, हे आधीच ठरवावं.

ट्रान्सफर करताना काय तपासायचं?

घेणारा माणूस त्या जिमचा आधीपासूनचा मेंबर नसावा, अशी अट अनेकदा असते. ट्रान्सफर सहसा एकदाच होते आणि काही दिवस शिल्लक असतानाच करता येते. पर्सनल ट्रेनिंगची उरलेली सेशन्स सोबत जातीलच असं नाही. पैसे हातात देण्याआधी घेणाऱ्याने काउंटरवर जाऊन शेवटची तारीख खात्री करून घ्यावी आणि स्वतःच्या नावाची पावती घ्यावी.

मेंबरशिप ‘ऑफ-पीक’ असेल तर ती बंधनंही तशीच पुढे जातात. अशा स्वस्त योजनेत सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी प्रवेश नसतो, साधारण दुपारीच जाता येतं. दहा ते सहा नोकरी करणाऱ्याला ती फुकट मिळाली तरी उपयोगाची नाही.

मग गेस्ट पासवर कुणाला पाठवता येईल का?

नाही. गेस्ट पास एका व्यक्तीला, बहुधा एकदाच आणि एका दिवसासाठी मिळतो. जिमच्या दृष्टीने तो नवा ग्राहक मिळवण्याचा मार्ग असतो, म्हणूनच पाहुण्याचा मोबाइल नंबर घेतला जातो. ट्रान्सफरआधी घेणाऱ्याला जिम दाखवायला मात्र तो कामी येतो.

जिमने ऐकलंच नाही तर?

काउंटरवर ‘होईल हो’ असं तोंडी सांगितलेलं नंतर सिद्ध करता येत नाही. अर्ज ईमेलने करा आणि उत्तर जपून ठेवा. लिखित अट असूनही जिम नकार देत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. म्हणजे बदली होऊन नागपूरला गेलेल्या माणसाला अँटॉप हिलच्या जिमविरुद्ध नागपुरातून दाद मागता येते.

मात्र, फॉर्ममध्ये ‘ट्रान्सफर नाही’ असं स्पष्ट लिहिलं असेल आणि खाली तुमची सही असेल, तर बाजू कमकुवत होते. बदलीची नोकरी असेल तर वर्षाऐवजी तीन महिन्यांची मेंबरशिप घेणं दरमहा थोडं महाग पडतं, पण अडकणारी रक्कमही तेवढीच कमी राहते.